तलावाचं क्लोरोफिल खरंच उतरलं का? नऊ वर्षांचे आकडे आणि एक शंका

मकरंद_इंदूर
नमस्कार मंडळी. मी इंदूरच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो. जून २०१४ पासून मे २०२३ पर्यंत दर महिन्याला शहराबाहेरच्या एका जुन्या तलावाचं पाणी आणून त्यातलं क्लोरोफिल-ए मोजलं. तलावाचं नाव आत्ता देत नाही, कारण आकडे अजून दुसऱ्या कुणी तपासलेले नाहीत.

पद्धत नेहमीचीच. काळ्या बाटलीत पाणी, बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत, काचतंतूच्या फिल्टरमधून गाळायचं, फिल्टर ॲसिटोनमध्ये रात्रभर थंडीत ठेवायचा आणि सकाळी स्पेक्ट्रोफोटोमीटरवर वाचायचं. मे महिन्यात शंभर मिलिलिटरमध्येच फिल्टर शेवाळानं गच्च होतो, हिरवा रंग बोटाला लागतो. ऑगस्टमध्ये तोच फिल्टर मातकट, तपकिरी निघतो. उन्हाळ्यात आकडा दीडशे मायक्रोग्रॅम प्रति लिटरपर्यंत जातो, भर पावसात पंधराच्या आसपास येतो. एवढा फरक असल्यामुळे सगळ्या आकड्यांचा आधी लॉग घेतला, दहाच्या पायावर.

आता मुद्दा. हंगामाचा चढउतार काढून टाकायला एक्सेलमध्ये १२ महिन्यांचं मूव्हिंग ॲव्हरेज काढलं आणि ते प्रत्येक खिडकीतल्या सहाव्या महिन्यासमोर लिहिलं. रेषा सुरुवातीला १.७०, शेवटी १.६४, म्हणजे साध्या आकड्यांत ५० वरून ४४. त्यावर रिग्रेशन लावलं तर पी-व्हॅल्यूत दशांशचिन्हापुढे नुसती शून्यांची रांग. शिवाय उतार जानेवारी २०१९ पासून सुरू होतो, आणि तलावात येणारा एक गटाराचा नाला डिसेंबर २०१८ मध्ये वळवला होता. मला हा नाल्याचाच परिणाम वाटतो. पुढच्या महिन्यात एका बैठकीत हे मांडायचं आहे. चूक असेल तर आत्ताच सांगा.

नर्मदेहर
मकरंदभाऊ, मनापासून अभिनंदन. नऊ वर्षं दर महिन्याला जाणं सोपं नाही. पण नाल्यापेक्षा जलकुंभी काढल्याचा परिणाम असेल. आमच्याकडच्या तळ्यातून ट्रॉल्या भरभरून काढली, तर हिरवेपणा डोळ्यांदेखत गेला. तेवढं क्लोरोफिल कमी होणारच की.

केतकी_बडोदा
नर्मदेहर, जलकुंभीचं क्लोरोफिल या मोजणीत येतच नाही हो. बाटलीत येतं ते पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ. जलकुंभी काढली की पाण्यात ऊन शिरतं आणि खालचं शेवाळ वाढूही शकतं. म्हणजे तलाव वरून मोकळा दिसतो आणि क्लोरोफिलचा आकडा चढलेला असतो. मकरंदकाका, तुमच्या तलावात जलकुंभी होती का?

मकरंद_इंदूर
काठाला थोडी, पूर्वेकडच्या कोपऱ्यात. मधे कधीच नव्हती.

दांडियाबाजार
मी बडोद्यात हिशेबाचं काम करतो, तलावातलं मला काही कळत नाही. पण मूव्हिंग ॲव्हरेजशी रोजचा संबंध आहे. शेअरबाजारात आपण सरासरी नेहमी मागची घेतो. आजच्या आकड्यात आजपर्यंतचेच दिवस. तुम्ही बारा महिन्यांची सरासरी सहाव्या महिन्यासमोर लिहिलीत, म्हणजे पुढचे सहा महिने त्यात आधीच मोजले गेले. हे चूक आहे. सरासरी शेवटच्या महिन्यासमोरच लिहायला हवी.

आकडेमोड
दांडियाबाजार, बाजारात तुमचं बरोबर आहे, कारण तिथे उद्याचं कुणाला माहीत नसतं. इथे नऊ वर्षं हातात आहेत. मागची सरासरी घेतली तर रेषा साडेपाच महिने उशिरानं धावेल आणि प्रत्येक बदल उशिरा घडल्यासारखा दिसेल. जुन्या नोंदी वाचताना सरासरी मधोमधच ठेवायची. फक्त बाराचा मध्य सहाव्या आणि सातव्या महिन्याच्या मधे पडतो, म्हणून नेमकं करायचं तर तेरा महिने घेऊन टोकाच्या दोघांना अर्धं वजन देतात. टोकाचे दोन्ही महिने एकाच नावाचे असतात, उदाहरणार्थ जुलै आणि जुलै. दोन अर्धे मिळून एक जुलै होतो आणि प्रत्येक महिना बरोबर एकदाच मोजला जातो. खिडकी दहाची किंवा पंधराची घेतली तर हे जुळत नाही, हंगाम रेषेत शिल्लक राहतो.

पण तुमच्या वाक्यामुळे एक गोष्ट लक्षात आली. मकरंदराव, जानेवारी २०१९ समोरच्या तुमच्या सरासरीत ऑगस्ट २०१८ ते जुलै २०१९ असे महिने आहेत. म्हणजे जानेवारीत दिसणारा उतार खरं तर जुलै २०१९ च्या आकड्यानं आणलेला असू शकतो. दोन प्रश्न. हा उतार किती महिन्यांत पुरा झाला? आणि आधीच्या वर्षांच्या जुलै-ऑगस्टच्या नोंदी आहेत का?

मकरंद_इंदूर
उतार जानेवारी आणि फेब्रुवारी या दोनच महिन्यांत. त्यानंतर रेषा साधारण सपाट.

जुलै-ऑगस्टचं म्हणाल तर २०१४ ते २०१८ पर्यंत नाहीत. त्या दिवसांत होडी मिळत नसे आणि पाळीवर चिखल. २०१९ पासून पावसातही जायला लागलो. ते दहा रकाने कोरे सोडले आहेत, शून्य घातलेलं नाही.

आकडेमोड
शून्य घातलं असतं तर चूक लगेच डोळ्यांत भरली असती. कोरं सोडल्यामुळे ती लपली.

एक्सेलचं `AVERAGE` कोरे रकाने वगळतं आणि उरलेल्यांची सरासरी देतं. पहिल्या पाच वर्षांत कुठलेही सलग बारा महिने घ्या, त्यात एक जुलै आणि एक ऑगस्ट येणारच, आणि दोन्ही कोरे. म्हणजे तुमची १२ महिन्यांची सरासरी तेव्हा दहाच महिन्यांची होती, आणि गाळलेले दोन नेमके वर्षातले सगळ्यात कमी क्लोरोफिलचे. पाऊस पडतो, सांडवा वाहतो, शेवाळ पाण्याबरोबर बाहेर जातं, उरलेल्याला गाळामुळे ऊन मिळत नाही. तुमचा मातकट फिल्टर तेच सांगतो.

आता समजा तलावात नऊ वर्षं काहीही बदललं नाही. दहा महिन्यांची सरासरी १.७० धरू आणि जुलै-ऑगस्टचा आकडा १.२० धरू, म्हणजे सोळाच्या जवळपास. सुरुवातीला रेषा १.७० वर राहील. जुलै २०१९ आत आला की अकरा आकडे होतात, दहांची बेरीज १७ आणि वर १.२, भागिले ११, आले १.६५५. पुढच्या महिन्यात ऑगस्टही आला, १९.४ भागिले १२, म्हणजे १.६१७. साध्या आकड्यांत ५० वरून ४१. दोन महिन्यांत. पाण्यात काडीचाही बदल न होता.

ओळखायची खूण तुम्ही स्वतःच सांगितलीत. नाला वळवल्यामुळे क्लोरोफिलची पातळी एकदम खाली आली असती, तरी बारा महिन्यांच्या सरासरीला तिथे पोचायला वर्ष लागतं, कारण नवे महिने एकेक करून आत येतात. रेषा घसरगुंडीसारखी उतरली असती. तुमची मात्र जिन्याच्या दोन पायऱ्यांसारखी उतरली.

मकरंद_इंदूर
आत्ता घरी येऊन फाइल उघडली. १.७० नंतर १.६६ आणि मग १.६३. अगदी तुम्ही म्हणता तशा दोन पायऱ्या. मी या आलेखाकडे चार महिने बघतोय आणि मला तिथे फक्त नाला दिसत होता. फार वाईट वाटतंय, पण बैठकीआधी कळलं हे बरं झालं. ताई, आता हे आकडे कामाचे आहेत की नाहीत?

आकडेमोड
आहेतच. उलट यात एक इशारा आहे. काहीच बदललं नसतं तर रेषा ४१ पर्यंत उतरायला हवी होती, तुमची ४४ वर थांबली. १.६१७ ऐवजी १.६४. दोहोंच्या मधे जे उरतं ते वरच्या दिशेचं आहे. म्हणजे क्लोरोफिल थोडं चढत असेल. की तो नुसता गोंगाट आहे, हे पुढे बघू.

दांडियाबाजार
म्हणजे माझा आक्षेप चुकीचा, पण चोर त्यानंच सापडला. चालेल. आमच्याकडे ऑडिटमध्येही रिकामा रकाना आधी बघतात.

केतकी_बडोदा
मी एम.एस्सी.ला असेच आकडे हाताळते आहे. आम्हाला शिकवलेली पद्धत अशी: प्रत्येक महिन्याची सगळ्या वर्षांची सरासरी काढायची, ती त्या त्या महिन्यातून वजा करायची, आणि उरलेल्यावर सरळ रेषा बसवायची. जुलै जुलैशीच तोलला जातो, मग कोऱ्या रकान्यांचा त्रास नाही. बरोबर ना?

आकडेमोड
अर्धं बरोबर. महिन्याची सरासरी काढताना तिच्यात थोडा ट्रेंडही शिरतो, आणि वजा करताना तोही जातो. नोंदी सलग पूर्ण असतील तर नऊ वर्षांत नुकसान जेमतेम एक टक्का, पण तीनच वर्षांच्या नोंदी असतील तर ट्रेंडचा नववा हिस्सा गायब. मकरंदरावांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्या जुलैची सरासरी फक्त शेवटच्या चार वर्षांची, जानेवारीची नऊ वर्षांची. शेवटच्या वर्षांत तलाव चढला असेल तर जुलैच्या सरासरीत तो चढ आधीच बसलेला आहे. वजा केलात की जुलैचे आकडे शून्याभोवती येऊन बसतात आणि शेवटच्या वर्षांची रेषा खाली ओढतात.

म्हणून हंगाम आणि ट्रेंड एकामागून एक काढू नका. दोन्ही एकाच रिग्रेशनमध्ये, एकाच वेळी बसवा:

```r
fit <- lm(log10(chl) ~ t + sin(2*pi*t) + cos(2*pi*t)
                     + sin(4*pi*t) + cos(4*pi*t))
acf(resid(fit))
```

इथे `t` म्हणजे वर्षांत मोजलेला काळ, पाणी भरल्याच्या खऱ्या तारखेनुसार. पहिली जोडी वर्षाची एक लाट बसवते. दुसरी जोडी हवी, कारण आपल्याकडे वर्ष गुळगुळीत नसतं. मे-जूनपर्यंत हळूहळू चढतं आणि पाऊस आला की धाडकन पडतं. एका लाटेला ते जमत नाही. कोरे महिने कोरेच ठेवा, भरू नका. प्रत्येक नमुना आपला महिना सोबत घेऊन येतो, त्यामुळे मार्चची तुलना ऑगस्टशी होत नाही.

शिंद्यांची_छावणी
ग्वाल्हेरहून. जलशुद्धीकरणाच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. इतकी चर्चा वाचली, पण मला सरासरीच पटत नाही. आमच्या फिल्टरला वर्षाची सरासरी कधी त्रास देत नाही, त्रास देतो तो मे महिना. त्या दिवसांत पाण्याला कुबट वास येतो, वाळूचे थर लवकर तुंबतात, दिवसातून दोनदा धुवावे लागतात. मकरंद, तुझ्या मे महिन्यांचं काय झालं ते सांग. डिसेंबरला दहानं कमी झालं काय आणि वाढलं काय, कुणाला फरक पडतो?

मकरंद_इंदूर
काका, ते पण काढतो. आधी ताईंनी सांगितलेलं.

जुना_बंध
एवढी मेहनत कशाला? उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात. सेंटिनेल-२ चा पहिला उपग्रह २०१५ मध्ये गेला, दहा-वीस मीटरपर्यंतचं दिसतं. शेवाळासाठी ७०५ नॅनोमीटरचा पट्टा आहे. तलाव मोठा असेल तर घरबसल्या काम.

केतकी_बडोदा
जुलै-ऑगस्टमध्ये इंदूरवर ढग असतात, आणि या उपग्रहाला ढगाच्या खालचं दिसत नाही. तेच दोन महिने पुन्हा कोरे! सरासरी काढताना संगणक ते गुपचूप गाळतो आणि आपण पुन्हा मकरंदकाकांच्या जागी. शिवाय मातकट पाण्यात तो आकडा बाटलीशी ताडून घ्यावा लागतो.

जुना_बंध
हे लक्षात आलं नव्हतं. बरोबर आहे.

मकरंद_इंदूर
तीन रात्री बसलो. आरमध्ये पहिल्यांदाच काम केलं, भाच्यानं मदत केली. १०८ महिन्यांपैकी ९८ नमुने. ट्रेंड आला वर्षाला +०.००४, स्टँडर्ड एरर ०.००६. म्हणजे चढ वर्षाला एक टक्काही नाही आणि चूक त्याच्यापेक्षा मोठी. उतार तर नाहीच. मग मूव्हिंग ॲव्हरेजवरच्या रिग्रेशनची ती शून्यांची रांग कुठून आली होती? पायऱ्यांचं समजलं. पण एवढी खात्री?

आकडेमोड
खात्री खोटी होती. बारा महिन्यांच्या दोन शेजारच्या सरासरींत अकरा महिने तेच असतात. मूळ आकडे एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र असले, तरी शेजारच्या सरासरींचा संबंध ११/१२ निघतो, ०.९२ च्या जवळपास. तुम्ही रिग्रेशनला ९७ बिंदू दिलेत आणि त्यानं ९७ वेगवेगळ्या साक्षी मानल्या. खरं म्हणजे नऊ वर्षांत एकमेकांत न मिसळणाऱ्या बारा महिन्यांच्या खिडक्या नऊच. एकाच माणसाची साक्ष दहा-अकरा वेळा लिहून घेतल्यासारखं झालं. मूव्हिंग ॲव्हरेज डोळ्यांसाठी आहे, आलेखावर काढा, पण रिग्रेशन मूळ महिन्यांवरच लावा.

तिथेही थोडं हेच आहे. `acf` मध्ये पहिल्या महिन्याची काडी किती उंच आली?

मकरंद_इंदूर
०.४.

आकडेमोड
म्हणजे एक महिना नेहमीपेक्षा हिरवा असला तर पुढचाही थोडा हिरवा असतो. तलाव आहे, महिन्याभरात सगळं विसरत नाही. ०.४ साठी एरर साधारण दीडपट धरा: १.४ भागिले ०.६ चं वर्गमूळ, १.५३. मग ०.००६ चे ०.००९ होतात. ट्रेंड वर्षाला उणे ०.०१४ पासून अधिक ०.०२२ पर्यंत कुठेही असू शकतो. म्हणजे वर्षाला तीन टक्के उतार ते पाच टक्के चढ, दोन्ही या आकड्यांशी जुळतात. मधे कोरे महिने आहेत, म्हणून हा हिशेब अदमासाचाच आहे.

बैठकीत एवढंच म्हणता येईल: नाला वळवल्यानं क्लोरोफिल घटल्याचं या नोंदींत दिसत नाही. नाल्याचा उपयोग झालाच नाही, असं मात्र म्हणू नका. तेवढं सांगायला हे आकडे पुरत नाहीत.

नर्मदेहर
मला एक कळत नाही. तलावाच्या तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ असतो. नाला थांबला तरी त्या गाळातलं खत पाण्यात येतच राहणार ना?

केतकी_बडोदा
हो, हे अगदी खरं. तळाशी प्राणवायू संपला की गाळात अडकलेलं फॉस्फरस सुटतं, आणि उन्हाळ्यात ते जास्त होतं. बाहेरून येणारं बंद केल्यावरही तलावाला उतरायला कित्येक वर्षं लागू शकतात. म्हणजे चार वर्षांत परिणाम न दिसणं साहजिक असू शकतं.

मकरंद_इंदूर
छावणीकाका, तुमच्यासाठी. एप्रिल, मे, जून एवढेच घेतले. नऊ वर्षांचे २७ नमुने. ट्रेंड वर्षाला +०.०२०, एरर ०.०११. म्हणजे वर्षाला पावणेपाच टक्क्यांच्या आसपास चढ. डिसेंबर-जानेवारी सपाट.

शिंद्यांची_छावणी
हेच मी म्हणत होतो! उन्हाळा वाढतोय आणि सरासरीत तो बुडाला. बैठकीत हेच सांग.

आकडेमोड
काका, तुमचं म्हणणं महत्त्वाचं आहे. एकच ट्रेंड बाराही महिन्यांवर लादणं ही माझ्या समीकरणाची मर्यादा आहे, ती मान्य. पण हा आकडा बैठकीत निर्णय म्हणून मांडू नये. २७ नमुने, त्यात एकाच उन्हाळ्याचे तिन्ही एकमेकांना धरून, म्हणजे साक्षी नऊ-दहाच. त्या उन्हाळ्यांपैकी शेवटचे दोन जरी हिरवे निघाले तरी रेषा चढते. ते दोन काढून पाहा. आणि त्या वर्षांत उन्हाळ्यात पाणी किती उरलं होतं? तेवढंच शेवाळ निम्म्या पाण्यात आलं की लिटरमागचा आकडा दुप्पट होतो.

शिंद्यांची_छावणी
फिल्टरला लिटरमागचाच आकडा लागतो, ताई. पाणी आटल्यामुळे वाढला की खतामुळे, वाळूला त्याचं काही नाही. यावर आपलं जमणार नाही.

आकडेमोड
वाळूसाठी तुमचं खरं. पण बैठक नाल्याबद्दल आहे, आणि तिथे कारण विचारलं जाणार.

मकरंद_इंदूर
पाण्याच्या पातळीची नोंद माझ्याकडे नाही. पाळीवर दगडी खुणा आहेत, त्या दर वेळच्या फोटोत दिसतात का ते बघतो.

आणि एक सांगायचं राहिलं, ते आज वही चाळताना आठवलं. २०१९ पासूनचे जुलै-ऑगस्टचे नमुने होडीतून घेतलेले नाहीत. होडी तेव्हाही नव्हती. पाळीवरून दोरीला बादली बांधून घेतले. बाकी सगळे महिने तलावाच्या मध्यातले.

आकडेमोड
हे महत्त्वाचं आहे. वाऱ्यानं शेवाळाची साय एका काठाला लागते. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो. पाळ कुठल्या बाजूला आहे?

मकरंद_इंदूर
ईशान्येला.

आकडेमोड
मग तुमचे पावसाळ्याचे आकडे मध्यापेक्षा जास्त असण्याची शक्यता आहे, आणि ते सगळे शेवटच्याच वर्षांतले. ते आठ नमुने काढून उरलेल्या नव्वदांवर तेच रिग्रेशन पुन्हा चालवा. ट्रेंड ०.००४ च्या आसपास राहिला तर काठाचा परिणाम फारसा नाही. बराच हलला तर बैठकीत दोन्ही आकडे दाखवा. आणि येत्या जुलैत जमलं तर एकाच दिवशी मध्य आणि पाळ, दोन्हीकडून पाणी घ्या.

दांडियाबाजार
होडीचं मी बघतो का? इंदूरला माझा मेव्हणा आहे, त्याच्या ओळखीत कुणीतरी रबरी होडी ठेवतं.

मकरंद_इंदूर
बघा हो, फार उपकार होतील. जुलैचा दुसरा रविवार धरतो. केतकी, तू आलीस तर मधली बाटली तू भर, मी पाळीवर थांबतो. नव्वद नमुन्यांचं उद्या रात्री इथेच टाकतो.